सव्वीस नंबरची पायरी

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला आमच्या केंद्रातल्या सहा शाळांची मुलं एका पटांगणात उभी राहिली. पोलादपूर तालुक्यातला ऑगस्ट, म्हणजे झेंड्याइतकीच छत्री महत्त्वाची. पाहुण्यांनी छत्रीखालून रांगांवर नजर फिरवली, मागच्या रांगेपाशी थांबवली आणि मला विचारलं, "ती मागची पंधरा मुलं स्काऊटची का हो?"

मी "हो" म्हणालो.

ती स्काऊटची नव्हती. सहावी-सातवीची होती. त्यांचा निळा बाकीच्यांच्या निळ्यापेक्षा वेगळा होता आणि त्या वेगळ्या निळ्याचा जनक मी होतो.

मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. मुलगा आणि सून मुंबईला, नातू गावच्या शाळेत तिसरीत, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून माझं नाव लागलं. आमच्याकडे निम्मे पालक हे आजोबाच असतात. त्यात पोस्टातला माणूस हिशेबाचा पक्का, अशी गावाची समजूत आहे आणि ती मोडायचं मला कधी कारण पडलं नाही. तेव्हा सहा शाळांनी मिळून गणवेशाचं कापड एकदम घ्यायचं ठरलं, तसा हिशेब माझ्या गळ्यात पडला.

हे काम गावात आलं कसं, तेही सांगतो. 2024-25 च्या वर्षी सरकारने 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरूनच घेतलं. स्काऊट-गाईडच्या गणवेशाचं नुसतं कापड गावाला आलं आणि शर्ट-पँट मिळून शिलाई 100 रुपये, वरखर्चाला 10 रुपये, असा दर आला. तो दर ऐकून आमच्या बाजारपेठेतल्या शिंप्याने मशीनवरचा पाय काढून हात जोडले होते. मापं चुकल्याच्या, उशीर झाल्याच्या तक्रारी राज्यभरातून गेल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने कारभार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. एका मुलाचे वर्षाला दोन गणवेश, त्याचे 600 रुपये. म्हणजे एका जोडीला 300. यात शर्टाचं कापड, पँटचं किंवा पिनोचं कापड, बटणं, दोरा आणि शिलाई. गुरुजी म्हणाले, "आता आपलं आपण बेतायचं."

बेतायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. मला गुणाकार ठाऊक होता.

नमुना म्हणून माझ्या नातवाचाच शर्ट शिवून घेतला. 24 नंबर. बचत गटातल्या ज्या वहिनी शिवणार होत्या त्या म्हणाल्या, "पंच्याऐंशी सेंटीमीटर लागलं, आप्पा." मुलं 96. मी कागदावर 0.85 गुणिले 96 केले, 81.6 आले, उदार मनाने 82 मीटर केले आणि महाडहून तेवढं कापड एसटीने आणलं. वहिनींनी लहानांपासून सुरुवात केली, कारण लहान मुलांना दम नसतो. बावीस झाले, चोवीस झाले, सव्वीस झाले, अठ्ठावीस झाले. तीस नंबरचे सात शर्ट झाले आणि कापड संपलं. उरला पाऊण हातभर तुकडा आणि पंधरा मुलं. तीही सगळी मोठी, ज्यांनी झेंड्याजवळ उभं राहायचं.

धावत महाडला गेलो. शेठ म्हणाले, "तोच माल आहे, काळजी नको." माल तोच होता, लॉट दुसरा होता. कापड रंगवताना प्रत्येक घाण्याचा निळा थोडा निराळा उतरतो. एकेकटा बघितला तर कळत नाही. पंधरा मुलांच्या अंगावर, एक्क्याऐंशी मुलांच्या शेजारी, ढगाळ उजेडात मात्र पाहुण्यांनासुद्धा कळतो.

यंदा मी शहाणा झालो. म्हणजे यंदा मी वहिनींकडे गेलो.

यंदाही मुलं 96च होती. गंमत अशी की सगळी मुलं एकेक नंबर वर सरकली, सातवीची गेली, पहिलीत नवी आली आणि नंबरांची वाटणी जागच्या जागी राहिली. 22 नंबरचे 14, 24 चे 22, 26 चे 20, 28 चे 18, 30 चे 14 आणि 32 चे 8. नंबर म्हणजे छातीचं माप इंचात. ही मापं आम्ही टेप घेऊन घेतली, इयत्तेवरून नाही. इयत्तेवरून मापं धरणं ही एक जुनी आणि सोपी पद्धत आहे आणि ती फक्त कागदावर अंगाला बसते. आमच्या चौथीत एक मुलगा 24 आहे आणि त्याच्याच बाकावरची मुलगी 30. टेप लावतानाही डोळा ठेवावा लागतो. मुली श्वास आत घेतात, मुलगे छाती फुगवतात. एक जण तर बाईंनी टेप काढल्यावर दोन नंबरांनी उतरला.

मापांची यादी घेऊन मी आधी शेठकडे गेलो. त्यांच्या दुकानात 2021 च्या जुलैच्या पुराची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. तेव्हापासून तागे पोटमाळ्यावर असतात आणि हिशेबही तिथूनच खाली येतो. शेठनी यादी न बघता सांगितलं, "शर्टाला सव्वा मीटर धरा. शहाण्णव गुणिले सव्वा, एकशेवीस. कात्रणाला दहा टक्के. एकशेबत्तीस मीटर घेऊन जा, डोक्याला ताप नको." पन्हा 36, भाव 80 रुपये मीटर. 10,560 रुपये.

माझा गेल्या वर्षीचा आकडा 82. शेठचा 132. दोन्ही हिशेब मला बरोबर वाटत होते, हीच तर पंचाईत होती.

वहिनींच्या ओटीवर त्यांनी मला खाली बसवलं. त्यांच्या हातात खडू, माझ्या हातात चहा. जमिनीवर कापडाची रुंदी उलगडली आणि म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही लांबी मोजत बसता. आधी पन्हा बघायचा."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. नावाला 36 इंच, पण दोन्ही काठांना किनारीची भोकं असतात, ती सोडली की हाताशी 35. आता 24 नंबरचा शर्ट. छाती 24, तिच्यात अंगाला सैल म्हणून 5 इंच, शिवणी आणि बटणपट्टीच्या दुमडीला आणखी 5. म्हणजे पाठ आणि पुढचे दोन भाग शेजारीशेजारी मांडले तर 34 इंच लागतात. 35 मध्ये बसले! मग लांबी मोजायची ती एकाच उंचीची. साडेसतरा इंच उंची, दोन इंच दुमड, खाली बाह्यांची आठ इंचांची ओळ, त्याखाली कॉलर आणि खांद्याची पट्टी यांची पाच इंचांची ओळ. साडेबत्तीस इंच. तेच माझे पंच्याऐंशी सेंटीमीटर, थोडा हात सैल सोडून.

"आता सव्वीस घ्या," वहिनी म्हणाल्या. मी घेतला. 26 अधिक 10, 36. पन्हा 35.

"एक इंच फक्त," मी म्हणालो.

"एका इंचाने दार बंद होतं, आप्पा."

पाठ आणि पोट शेजारीशेजारी मावत नाहीत म्हटल्यावर एकाखाली एक मांडावे लागतात. आता उंची दोनदा मोजायची. 21 दुणे 42 इंच. बाह्या आणि कॉलर बाजूच्या मोकळ्या पट्टीत बसतात, त्यांची वेगळी ओळ लागत नाही, तेवढीच दया. तरी एक मीटर दहा. म्हणजे 22 वरून 24 ला जाताना कापड पाच सेंटीमीटरने वाढतं आणि 24 वरून 26 ला जाताना एकदम पंचवीस सेंटीमीटरने. पुढे 28 ला पुन्हा पाच, 30 ला दहा, 32 ला पाच. मुलं हळूहळू वाढतात. कापड मात्र मध्येच एक पायरी चढतं आणि ती पायरी सव्विसावर आहे. मी गेल्या वर्षी पायरीखाली उभं राहून वरच्यांचा हिशेब केला होता. शेठनी पायरीवर, तीस नंबरवर उभं राहून खालच्या छत्तीस पोरांना सव्वा मीटर दिलं होतं.

मग ओटीवरच नंबरवार मांडलं. 22 ला 0.80, चौदा शर्टांचे 11.2 मीटर. 24 ला 0.85, बावीस शर्टांचे 18.7. 26 ला 1.10, वीस शर्टांचे 22. 28 ला 1.15, अठरांचे 20.7. 30 ला 1.25, चौदांचे 17.5. 32 ला 1.30, आठांचे 10.4. बेरीज 100.5 मीटर. मी ती तीनदा केली, कारण पोस्टात दोनदा करायचो आणि तिथे माझ्यामागे वहिनी बसलेल्या नसायच्या.

राहिलं कात्रण. शेठचे दहा टक्के मी डोक्यात घेऊन गेलो होतो, ते वहिनींनी एका प्रश्नात खाली ठेवले. "हे कात्रण कुठलं धरलंय? बगलेखालचं, गळ्यातलं, बाह्यांच्या मधलं? ते तर या पंच्याऐंशीत आलंच की. मी चौकोनी कापड मोजलंय, शर्टाच्या आकाराचं नाही."

हे मला पटायला वेळ लागला. गेल्या वर्षीचं कात्रण त्यांनी गोधडीसाठी गोणीत भरून ठेवलं होतं, ती गोणी घेऊन मी किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने काय देऊ विचारलं, मी म्हटलं काही नको, वजन कर. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, त्याने केलं. गोणी सोडून एक किलो नऊशे ग्रॅम. मग त्याच कापडाचा एक सबंध मीटर काट्यावर ठेवला, 105 ग्रॅम. भागाकार केला तर अठरा मीटर! दोन्ही खेपा मिळून गेल्या वर्षी आलेल्या 102 मीटर कापडातलं अठरा मीटर चिंध्या झालं होतं, शेकडा सतराच्या पुढे. दहा टक्क्यांना मी उगाच भीत होतो. सतरा टक्के कापड कायमच वाया जातं, फक्त ते मीटर-प्रति-शर्टाच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. त्यावर पुन्हा कात्रण लावणं म्हणजे भाताच्या पातेल्यात पाणी घातल्यावर ताटातल्या भातावरही ओतणं.

वर धरायचं ते वेगळं. प्रत्येक ताग्याच्या शेवटी उरणारा, कुठल्याच शर्टाला न पुरणारा तुकडा. मधेच धागा सुटलेली किंवा डाग पडलेली जागा. आणि आटणं. आटण्याची परीक्षा सोपी आहे. धुण्याआधी कापडावर पन्नास सेंटीमीटरच्या दोन खुणा करायच्या, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा मोजायचं. पोलादपुरात जुलैमध्ये यातली 'वाळवायचं' ही पायरी चार दिवस चालते. चौथ्या दिवशी चुलीच्या उबेवर वाळवून मोजलं, साडेएकोणपन्नास भरले. शंभरात एक. टेरिकॉट होतं म्हणून निभावलं. सुती असतं तर यात आणखी दोन-चार टक्के गेले असते आणि 24 नंबरचा शर्ट पहिल्या धुण्यात 22 च्या जवळ गेला असता. सगळं मिळून शंभराला चार-साडेचार. 105 मीटर.

शेठना 105 सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, "आप्पा, गेल्या वर्षीसारखं होईल." मी ओटीवरचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून नंबरवार वाचला, सव्विसावर बोट थांबलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, पायरी त्यांना ठाऊक असणारच. फक्त गिऱ्हाइकाला ती जिन्यासकट दाखवायची पद्धत नाही. त्यांची बाजूही मी समजतो. कापड कमी पडलं तर शिव्या दुकानदाराला, उरलं तर कुणालाच नाही. म्हणून तेही सव्वाच सांगतात. मुलाला वाढत्या अंगाचं शिवतात, तसं शेठ वाढत्या मापाचं विकतात.

"58 पन्हा घेता का?" त्यांनी एकदम विचारलं. "120 रुपये मीटर." गेल्या वर्षी मी हे 'महाग' म्हणून उडवून लावलं असतं. यंदा मी तिथेच बोटावर मांडलं. 58 मध्ये 32 नंबरचाही पाठ-पोट शेजारीशेजारी मावतो, पायरीच नाही! तीस नंबरला पाऊण मीटर, म्हणजे 90 रुपये. 36 च्या पन्ह्यात त्यालाच सव्वा मीटर, 100 रुपये. सगळ्या शर्टांचा मिळून जवळजवळ हजार रुपयांचा फरक पडत होता. मी हो म्हणणार इतक्यात शेठ वर जाऊन आले. 58 मध्ये आमचा निळा नव्हता. शेवाळी होता. एका वर्षात दोन निळे मी निस्तरले होते, शेवाळी झेपला नसता.

105 मीटर, 8,400 रुपये. शर्टाला कापड साडेसत्त्याऐंशी रुपयांचं. शेठच्या मूळ हिशेबाने ते 110 पडलं असतं. साडेबावीस रुपयांचा फरक. आता 300 चा आकडा वरून बांधलेला आहे, तो काही वाढत नाही. कापड साडेबावीस रुपयांनी वाढलं की ते साडेबावीस कुणाच्या तरी पदरातून जातात, आणि पँटचं कापड, बटण, दोरा यांना पदर नसतो. पदर शिवणाऱ्या बाईला असतो. वहिनींनी हा हिशेब मला सांगितला नाही. मी तो एसटीत केला, मांडीवर तागे घेऊन.

तागेही मोजून घेतले होते, तेवढं पोस्टाने शिकवलं आहे. तागा घड्या घातलेला असतो आणि एक घडी म्हणजे एक मीटर असं मानतात. मी एक घडी टेपने मोजली, 98 सेंटीमीटर. शेठ म्हणाले, गिरणीतूनच तशी येते, यात त्यांचा हात नाही. नसेलही. पण 105 घड्यांमध्ये दोन-दोन सेंटीमीटर म्हणजे दोन मीटरच्या वर, दोन पोरांचे शर्ट. घड्यांऐवजी लोखंडी मीटरवर मोजून घेतलं. दुकानात मागे रांग लागली. एकाने विचारलं, काय, लग्न आहे का?

शिवण संपली तेव्हा साडेचार मीटर वर उरायला हवं होतं आणि उरलंही, फक्त एकत्र नाही. सव्वादोन मीटरच्या वर ताग्यांच्या शेपट्या आणि एक डाग पडलेली जागा. मुंबईहून वरळीच्या चाळीतून एक मुलगी मागाहून दुसरीत दाखल झाली, तिला 24 नंबरमध्ये 0.85 गेलं. हाताशी राहिला एक मीटर तीस सेंटीमीटरचा एक सबंध तुकडा. मी तो घडी करून कपाटात ठेवला आणि हिशेबाच्या वहीखाली रेघ ओढली.

रेघ ओढल्याच्या तिसऱ्या दिवशी गुरुजी एका मुलाला घेऊन दारात. सातवीत नवा प्रवेश, बापाची महाडच्या एमआयडीसीत बदली. मुलगा माझ्या खांद्याला लागत होता. टेप लावली, 34.

वहिनींनी खडूने जमिनीवरच मांडलं. एक मीटर चाळीस हवं. आहे एक मीटर तीस. मी गप्प. महाडला जाऊन नवा लॉट आणायचा म्हणजे पुन्हा पाहुणे, पुन्हा छत्री, पुन्हा स्काऊट.

"गेल्या वर्षीच्या त्या दुसऱ्या निळ्याचं काही राहिलंय का हो तुमच्याकडे?" वहिनींनी विचारलं.

राहिलं होतं. वीस मीटर आणलं होतं, त्यातलं पाऊण-एक मीटर मी लाजेखातर ट्रंकेत तळाशी लपवलं होतं. काढून आणलं. वहिनींनी ते उजेडात धरलं, नव्या निळ्याशेजारी ठेवलं, जरा तिरकं करून पाहिलं आणि कात्री उचलली.

"कॉलरचं आतलं पान आणि खांद्याचं अस्तर यातलं घेते," त्या म्हणाल्या. "वरचं नव्याचं. तेवढे दहा सेंटीमीटर सुटतात. पोराने मान खाली घातली तरच दिसेल."